महिने खाली हवे होते, तालुके आले: एक्सेल चार्टमध्ये ओळी आणि कॉलमची अदलाबदल

समजा, रावेर भागातल्या एका केळी उत्पादक गटाचं ऑफिस आहे. पाच तालुक्यांतून माल येतो आणि कोणत्या महिन्यात कुठून किती आला याची नोंद एक्सेलमध्ये ठेवली जाते. मार्च संपल्यावर गटाचे अण्णा ऑफिसातल्या मुलाला म्हणतात, "शहाद्याचा माल महिन्यागणिक वाढतोय का, ते एका नजरेत दिसेल असं काहीतरी काढ बरं." मुलगा सगळा तक्ता सिलेक्ट करतो, लाइन चार्ट काढतो आणि प्रिंट अण्णांपुढे ठेवतो. चार्टच्या खालच्या पट्टीवर रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, शहादा अशी नावं ओळीनं आलेली असतात. वर तीन रेषा रावेरपासून शहाद्यापर्यंत उतरत गेलेल्या. अण्णा चष्मा वर करतात. "म्हणजे माल पडला?"

माल पडलेला नाही. चार्ट आडव्याचा उभा झालेला आहे. आकडे बरोबर, सिलेक्शन बरोबर, फक्त कोणी खाली बसायचं आणि कोणी रेषा व्हायचं हे एक्सेलनं आपल्या मनानं ठरवलं. एका बटणानं हे सरळ होतं. पण ते बटण नेमकं काय करतं, कधी पुरत नाही आणि कधी दाबताच येत नाही, हे ठाऊक असलं तर पुढचा वैताग वाचतो. त्यासाठी हाच तक्ता धरून चालू. आकडे नमुन्याचे आहेत, क्विंटलमध्ये.

| | जाने | फेब्रु | मार्च |
|---|---|---|---|
| रावेर | 420 | 460 | 510 |
| यावल | 380 | 390 | 450 |
| चोपडा | 210 | 240 | 230 |
| मुक्ताईनगर | 160 | 150 | 190 |
| शहादा | 120 | 140 | 170 |

हा तक्ता A1 पासून D6 पर्यंत आहे. डाव्या कोपऱ्यातला A1 सेल रिकामा आहे. तो रिकामा का, ते पुढे येईल, पण स्वतः टाइप करून बघणार असाल तर तो तसाच राहू द्या.

दोन शब्द आधी ओळखीचे करून घेऊ

चार्टमध्ये दोन गोष्टी असतात. आडव्या अक्षाखाली जी नावं ओळीनं दिसतात त्यांना एक्सेल कॅटेगरी म्हणतं. आणि ज्या गोष्टीला स्वतःचा रंग मिळतो, जिचं नाव बाजूच्या किंवा खालच्या लीजेंडमध्ये येतं, ती सिरीज. लाइन चार्टमध्ये एक सिरीज म्हणजे एक रेषा. कॉलम चार्टमध्ये एक सिरीज म्हणजे एकाच रंगाचे सगळे खांब.

अण्णांपुढे गेलेल्या चार्टमध्ये तालुके कॅटेगरी झाले आणि महिने सिरीज झाले. म्हणून रेषा तीन आल्या: जानेवारीची, फेब्रुवारीची आणि मार्चची. जानेवारीची रेषा रावेरच्या ४२० वरून निघून यावलच्या ३८० वर, मग चोपड्याच्या २१० वर अशी उतरत शहाद्याच्या १२० वर थांबली. रावेर आणि यावल यांना जोडणाऱ्या रेषेला काही अर्थ आहे का? नाही. त्या दोघांच्या मध्ये 'अर्धा तालुका' नसतो. तालुक्यांची नावं उलट क्रमानं लिहिली असती तर हीच रेषा वर चढताना दिसली असती. लाइन चार्ट उलटा आलाय हे ओळखायची सगळ्यात पक्की खूण हीच: रेषा एका गावाहून दुसऱ्या गावाला जात असेल आणि लीजेंडमध्ये महिने असतील, तर अदलाबदल हवी.

कॉलम चार्टमध्ये मात्र असं सरसकट म्हणता येत नाही. तिथं दोन्ही मांडण्या खऱ्या असू शकतात, प्रश्न काय आहे त्यावर ठरतं. एकाच सिरीजचे खांब एका रंगाचे असले, तरी डोळा तुलना करतो ती शेजारी चिकटून उभ्या असलेल्या खांबांची, म्हणजे एका कॅटेगरीतल्या खांबांची. खाली तालुके असतील तर रावेरचे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे तीन खांब शेजारी शेजारी येतात आणि 'रावेरनं तीन महिन्यांत काय केलं' हे सहज दिसतं. खाली महिने असतील तर मार्चच्या जागी पाच तालुके खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि 'मार्चमध्ये कोण पुढे' ते दिसतं. त्यामुळे कॉलम चार्ट असेल तर बटणाला हात लावण्याआधी, समोरचा माणूस कशाची कशाशी तुलना मागतोय हे विचारून घ्यावं. अण्णांना शहाद्याची महिन्यागणिक चाल हवी होती, म्हणजे लाइन चार्ट आणि खाली महिने.

एक्सेल असं का करतं

एक्सेलला तालुका म्हणजे काय आणि महिना म्हणजे काय हे कळत नाही. ते फक्त मोजतं. सिलेक्ट केलेल्या भागात ओळी जास्त की कॉलम जास्त, एवढंच. ज्यांची संख्या जास्त ते आडव्या अक्षावर जातात, ज्यांची कमी ते सिरीज होतात. यामागचा विचार साधा आहे: रेषा आणि रंग थोडे असले तर चार्ट वाचता येतो. आपल्या तक्त्यात पाच तालुके आणि तीन महिने आहेत. पाच जास्त, म्हणून तालुके खाली गेले.

यातून एक गंमत होते आणि तीच नव्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात पाडते. हाच तक्ता पुढे भरत जातो. एप्रिल, मे, जूनचे कॉलम जोडले की महिने सहा होतात आणि तालुके पाचच राहतात. आता कॉलम जास्त झाले. जूननंतर त्याच पद्धतीनं, तसंच सगळं सिलेक्ट करून नवीन चार्ट काढला तर महिने आपोआप खाली येतात. मार्चमध्ये उलटा आलेला चार्ट जूनमध्ये सुलटा! मग ऑफिसात चर्चा सुरू होते की कॉम्प्युटर सुधारला, किंवा आधी काहीतरी चुकीचं दाबलं गेलं होतं. दोन्ही नाही. फक्त पाचाच्या पुढे सहा गेले.

मे महिन्यात पाच तालुके आणि पाच महिने अशी बरोबरी होते. अशा वेळी कुठल्या बाजूनं येईल याचा अंदाज बांधत बसू नका, चार्ट काढा आणि बघा. हवा तसा नसेल तर उपाय तोच आहे.

बटण कुठे आहे

चार्ट काढून झाला आहे आणि तो उलटा आला आहे असं धरू.

१. चार्टच्या आतल्या रिकाम्या जागेवर एकदा क्लिक करा. चार्टभोवती चौकट आणि कडांवर छोटे गोल दिसायला हवेत. हे केल्याशिवाय पुढचा टॅबच दिसत नाही. 'माझ्याकडे ते बटणच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच असतं, की क्लिक चार्टवर नाही तर एखाद्या सेलवर आहे.

२. वरच्या रिबनमध्ये Chart Design हा टॅब उघडा. २००७ पासून २०१६ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये तो Chart Tools या नावाखाली नुसता Design असा दिसतो.

३. तिथल्या Data या गटात Switch Row/Column हे बटण आहे. ते एकदा दाबा.

झालं. आता खाली जाने, फेब्रु, मार्च आले आणि लीजेंडमध्ये पाच तालुके. शहाद्याची रेषा १२० वरून १४० आणि तिथून १७० वर चढताना स्वतंत्र दिसते. चोपड्याची फेब्रुवारीत वर जाऊन मार्चमध्ये जराशी खाली येते, मुक्ताईनगरची बरोबर उलट. अण्णांना हवं होतं ते हेच. पुन्हा बटण दाबलं की पुन्हा जुनी मांडणी. मूळ तक्त्याला यात कुठेही धक्का लागत नाही. ओळी ओळींच्या जागी आणि कॉलम कॉलमच्या जागी राहतात, बदलतं ते फक्त चार्टचं त्यांच्याकडे बघणं. त्यामुळे 'चार्ट उलटा आला' म्हणून अख्खा तक्ता कॉपी करून Transpose नं फिरवून घेणं, आणि मग दोन तक्ते सांभाळत बसणं, याची काहीच गरज नाही. असे फिरवलेले तक्ते बऱ्याच ऑफिसांत दिसतात. काही दिवसांनी त्यातला एक अद्ययावत होतो, दुसरा होत नाही, आणि चार्ट नेमका त्या दुसऱ्यावर असतो.

चार्ट काढतानाच हा प्रश्न टाळायचा असेल तर Insert टॅबमधलं Recommended Charts उघडून बघा. तिथल्या नमुन्यांत बऱ्याचदा एकाच प्रकारच्या चार्टच्या दोन्ही मांडण्या दिसतात, एकीत खाली तालुके, दुसरीत खाली महिने. हवी ती निवडली की झालं.

आत काय बदललं ते डोळ्यांनी बघा

बटण दाबून काम होतं हे खरं, पण ते नेमकं काय करतं हे एकदा जवळून बघितलं की पुढच्या अडचणी स्वतःच सोडवता येतात. दोन जागा आहेत बघायला.

पहिली जागा तक्त्यावरच आहे. चार्टवर क्लिक केलं की तक्त्याभोवती रंगीत चौकटी उमटतात. आत्ताच्या आवृत्त्यांमध्ये आकड्यांभोवती निळी, कॅटेगरीच्या नावांभोवती जांभळी आणि सिरीजच्या नावांभोवती लाल चौकट असते. उलट्या चार्टमध्ये जांभळी चौकट तालुक्यांच्या उभ्या रकान्याभोवती आणि लाल चौकट महिन्यांच्या आडव्या ओळीभोवती होती. Switch Row/Column दाबताना नजर चार्टवर न ठेवता तक्त्यावर ठेवा. जांभळा आणि लाल आपापसांत जागा बदलतात, निळा जागचा हलत नाही. बटणाचं काम एवढंच.

दुसरी जागा म्हणजे फॉर्म्युला बार. चार्टमधल्या एखाद्या रेषेवर एकदा क्लिक करा आणि वर बघा. उलट्या चार्टमध्ये जानेवारीच्या रेषेवर क्लिक केलं तर असं दिसतं:

```
=SERIES(Sheet1!$B$1,Sheet1!$A$2:$A$6,Sheet1!$B$2:$B$6,1)
```

स्वल्पविरामांनी चार भाग पडतात. पहिला भाग सिरीजचं नाव कुठे आहे ते सांगतो: B1, म्हणजे 'जाने'. दुसरा भाग कॅटेगरी: A2 ते A6, पाच तालुके. तिसरा भाग आकडे: B2 ते B6. शेवटचा १ म्हणजे ही पहिली सिरीज. बटण दाबल्यावर रावेरच्या रेषेवर क्लिक करा:

```
=SERIES(Sheet1!$A$2,Sheet1!$B$1:$D$1,Sheet1!$B$2:$D$2,1)
```

आता नाव A2 मधून येतं, म्हणजे 'रावेर'. कॅटेगरी B1 ते D1 मधून, म्हणजे तीन महिने. आणि आकडे B2 ते D2, म्हणजे रावेरची आडवी ओळ. आधी आकडे उभे वाचले जात होते, आता आडवे. चार्टचा काही भरवसा वाटेनासा झाला की या एका ओळीकडे बघावं. चार्ट कसाही रंगवलेला असो, तो कुठून काय वाचतोय हे इथं लिहिलेलं असतं.

हीच माहिती खिडकीत बघायची असेल तर चार्टवर राइट क्लिक करून Select Data निवडा. डाव्या बाजूच्या Legend Entries या चौकटीत सिरीज असतात, उजवीकडे Horizontal Axis Labels मध्ये कॅटेगरी, आणि त्या दोन्हींच्या वर मधोमध हेच Switch Row/Column बटण पुन्हा दिलेलं आहे. इथून दाबलं तर डावीकडची नावं उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे जाताना समोर दिसतात. नव्या माणसाला मी रिबनपेक्षा हीच खिडकी दाखवतो. पसंत नाही पडलं तर Cancel आहेच.

चार्टात 'एकूण' घुसलं असेल तर

आपल्याकडे कोणताही तक्ता 'एकूण' शिवाय पुरा होत नाही. E कॉलममध्ये प्रत्येक तालुक्याची तीन महिन्यांची बेरीज घातली, मग सातव्या ओळीत महिन्याची बेरीज घातली, आणि सवयीनं A1 पासून E7 पर्यंत सगळं सिलेक्ट करून चार्ट काढला. हे असताना अदलाबदल केली की चित्र विचित्र होतं.

खाली महिने घेतले तर मार्चनंतर 'एकूण' नावाचा चौथा 'महिना' लागतो. रावेरची रेषा ४२०, ४६०, ५१० अशी शांतपणे चढते आणि मग एकदम १३९० वर उडी घेते. सातव्या ओळीतल्या बेरजेची सहावी रेषा येते ती वेगळीच. तीही शेवटी गगनाला भिडलेली. अक्ष तिच्यासाठी लांबतो आणि शहाद्याची १२०, १४०, १७० ही चढण तळाशी चिकटलेली सपाट रेघ दिसते. चार्ट उलटाच आहे असं वाटून माणूस परत परत Switch दाबत राहतो, पण इथं दोष दिशेचा नाही. एका दिशेनं 'एकूण' सिरीज म्हणून त्रास देतं, दुसऱ्या दिशेनं कॅटेगरी म्हणून.

उपाय: Select Data उघडा आणि दोन्ही चौकटींत 'एकूण' समोरची टिक काढा. किंवा त्या खिडकीच्या वरच्या Chart data range मध्ये A1 ते D6 एवढाच भाग नव्यानं निवडा. बेरजा तक्त्यात राहू द्यात, चार्टात नकोत.

सालं असली की बटण पुरत नाही

आता दुसरा तक्ता घ्या. पहिल्या कॉलममध्ये सालं, 2021 ते 2024, आणि पुढे केळी, कापूस, मका असे तीन कॉलम. A1 मध्ये कोणीतरी नेटकेपणानं 'वर्ष' असं शीर्षक लिहिलं आहे. सगळं सिलेक्ट करून कॉलम चार्ट काढला की लीजेंडमध्ये चार नावं दिसतात: वर्ष, केळी, कापूस, मका. 'वर्ष' या सिरीजचे दोन हजारांहून उंच खांब उभे, बाकीचे त्यांच्या पायाशी. आणि खाली सालांच्या जागी 1, 2, 3, 4.

हे पाहिल्यावर बहुतेकांचा हात Switch Row/Column कडे जातो. त्यानं काम होत नाही, उलट गुंता वाढतो: 'वर्ष' सिरीज होती ती आता खाली एक कॅटेगरी होऊन बसते आणि लीजेंडमध्ये सालांच्या जागी Series1, Series2 अशी बिननावी मंडळी येतात. कारण वेगळं आहे. 2021 हा एक्सेलच्या लेखी साल नाही, तो निव्वळ आकडा आहे, जसा कापसाचा आकडा तसाच. वर शीर्षकही भरलेलं, म्हणजे बाकीच्या कॉलमसारखाच हा एक कॉलम. मग तो आकड्यांच्या रांगेत बसवला जातो. पहिल्या तक्त्यात हा प्रश्न आला नाही, कारण तालुक्यांची नावं अक्षरांत होती.

सगळ्यात सोपा उपाय चार्ट काढण्याआधीचा आहे. A1 मधलं 'वर्ष' पुसून टाका. डावा वरचा कोपरा रिकामा दिसला की एक्सेल वरची ओळ आणि डावा कॉलम दोन्हींना नावं समजतं, आकडे समजत नाही. चार्ट निघाल्यावर A1 मध्ये 'वर्ष' पुन्हा लिहिलं तरी चालतं, तयार झालेला चार्ट त्यामुळे बदलत नाही.

चार्ट आधीच काढलेला असेल, त्यावर मेहनत झालेली असेल, आणि तो पुसायचा नसेल तर Select Data मध्ये जा. डावीकडे 'वर्ष' वर क्लिक करून Remove दाबा. मग उजवीकडे Edit दाबा आणि लहान खिडकी उघडली की तक्त्यातले A2 ते A5 हे सेल माउसनं ओढून निवडा. तिथं असं उमटेल:

```
=Sheet1!$A$2:$A$5
```

OK करा. खाली सालं आली आणि लीजेंडमध्ये तीन पिकं राहिली. आता चार्ट निरोगी आहे. यानंतर सालं रंगात आणि पिकं खाली अशी मांडणी हवी असेल तर Switch Row/Column बिनधास्त दाबा, आता ते नीट चालेल. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी आकडे कोणते आणि नावं कोणती हे सरळ करायचं, मग दिशा.

बटण फिकट दिसतं, दाबलंच जात नाही

याची मुख्यतः दोन कारणं असतात.

पहिलं, चार्टमधल्या सिरीज एकाच सलग चौकोनातून आलेल्या नसतात. उदाहरणार्थ, शहाद्याचे आकडे सुरुवातीला दुसऱ्या शीटवर होते आणि ते Select Data मधल्या Add नं मागाहून जोडले. चार्ट दिसायला व्यवस्थित असतो, पण चार रेषा एका शीटवरून आणि पाचवी दुसरीकडून. ओळींचे कॉलम करायचे तर मुळात ओळी आणि कॉलमचा एकसंध चौकोन पाहिजे. तो नसला की फिरवायचं काय, हे एक्सेलला ठरवता येत नाही आणि बटण फिकट होतं. खात्री करायची असेल तर Select Data उघडा. वर Chart data range च्या जागी हा निरोप दिसेल:

```
The data range is too complex to be displayed. If a new range is selected, it will replace all of the series in the Series panel.
```

निरोप धमकीसारखा वाटतो, पण अर्थ एवढाच की एका पत्त्यात मावेल असा भाग इथं नाही. उपाय म्हणजे शहाद्याचे आकडे मूळ तक्त्यात सहाव्या ओळीत आणून बसवणं आणि Chart data range मध्ये A1 ते D6 पुन्हा निवडणं. निरोपात म्हटल्याप्रमाणे जुन्या सिरीज जाऊन नव्या येतील, आणि बटण जिवंत होईल. फॉर्म्युला बारमध्ये एकेका रेषेवर क्लिक करत गेलात तर नेमकी कोणती रेषा परक्या शीटवरची आहे तेही सापडतं. तिच्या SERIES मध्ये शीटचं नाव वेगळं असतं.

दुसरं कारण वर्ड आणि पॉवरपॉइंटचं. वार्षिक सभेच्या अहवालासाठी चार्ट पॉवरपॉइंटमध्येच काढला असेल तर Switch Row/Column बटण दिसतं पण फिकट असतं. त्या चार्टची आकड्यांची छोटी शीट बंद असते म्हणून. त्याच टॅबमधलं Edit Data दाबून ती शीट उघडी ठेवा, बटण लगेच ठळक होतं. शीट उघडी असतानाच अदलाबदल करा आणि मग बंद करा.

रंगरंगोटी शेवटी

अदलाबदल केली की सिरीजची संख्या बदलते. आपल्या तक्त्यात तीनच्या पाच झाल्या. आधी जानेवारीच्या रेषेला हिरवा रंग दिला, मार्चच्या रेषेवर आकडे दाखवले, एखाद्या सिरीजला उजवीकडचा दुसरा अक्ष दिला, ट्रेंडलाइन काढली, हे सगळं त्या त्या सिरीजला चिकटलेलं असतं. ती सिरीजच राहिली नाही तर हे कुठे राहणार? आणि पुन्हा बटण दाबून मागे आलात तरी सगळी सजावट तशीच परत मिळेल असं धरून चालू नका. चुकून दाबलं गेलं असेल तर पुन्हा Switch दाबण्यापेक्षा Ctrl+Z बरं. म्हणून दिशा आधी ठरवावी आणि रंग, शीर्षक, आकडे यांना नंतर हात लावावा.

पाय चार्टबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की तो एकच सिरीज दाखवतो, पहिली. आपला तक्ता पायमध्ये टाकला तर जानेवारीत पाच तालुक्यांचा वाटा दिसेल, फेब्रुवारी-मार्चचा पत्ता नाही. Switch दाबलं की एकट्या रावेरचे तीन महिने दिसतील. दोन्ही वेळा बाकीचे आकडे कुठे गेले म्हणून शोधाशोध होते. ते कुठेही गेले नाहीत, पायात मावले नाहीत. आणि एकाच कॉलमचा पाय काढून बटण दाबलं तर अख्खं वर्तुळ एकाच रंगाचं होतं, कारण आता प्रत्येक ओळ एक स्वतंत्र सिरीज झाली आणि पहिल्या सिरीजमध्ये एकच आकडा उरला. असं एकरंगी वर्तुळ दिसलं की बटण एकदा परत दाबा.

पिव्हट टेबलवर काढलेला चार्ट असेल तर मात्र जपून. साध्या चार्टमध्ये तक्ता हलत नाही असं वर म्हटलं, पण पिव्हट चार्ट आणि पिव्हट टेबल एकमेकांना बांधलेले असतात. इथं Switch Row/Column दाबलं की टेबलातली ओळींवरची फील्डं कॉलमवर आणि कॉलमवरची ओळींवर जातात. त्या टेबलातले सेल दुसरीकडे फॉर्म्युल्यात वापरलेले असतील, किंवा ते टेबल तसंच छापून तालुक्याला पाठवायचं असेल, तर चार्टसाठी त्याच डेटावर दुसरं पिव्हट टेबल वेगळ्या शीटवर करून घ्या आणि अदलाबदल तिथं करा.